पहिले चौदा बाइट

फोटो असो, गाणं असो की पगारपत्रक, कॉम्प्युटरच्या डिस्कवर ती बाइटांची एक लांबलचक रांग असते. एक बाइट म्हणजे 0 ते 255 यांमधली एक संख्या. त्या रांगेतला कुठला बाइट रंगाचा, कुठला मापाचा, कुठला नुसता जागा भरण्यासाठी, हे रांगेकडे बघून कळत नाही. ते सांगण्यासाठी बहुतेक फाइलींच्या तोंडाशी काही बाइट राखून ठेवलेले असतात. त्यांना हेडर म्हणतात. फाइल उघडणारा प्रोग्रॅम आधी हेडर वाचतो आणि त्यात जे सापडेल त्यावर विसंबून पुढचं सगळं वाचतो. म्हणून हेडर वाचताना झालेली चूक हेडरपुरती राहत नाही.

सी भाषेत हेडर वाचण्याची एक सोपी, दोन ओळींची रीत आहे. ती जवळजवळ प्रत्येक शिकणाऱ्याला आपसूक सुचते आणि ती चुकीची आहे. ती बहुतेक वेळा कोसळत नाही, आरडाओरडा करत नाही. ती आकडे देते, आणि त्यांतले काही अगदी खरे वाटतात. ते कसं घडतं, हे एका खऱ्या फाइलीवर पाहू.

फाइल आहे बीएमपी प्रकारची. विंडोजमधल्या पेंट या प्रोग्रॅममुळे हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. चित्र 640 ठिपके रुंद आणि 480 ठिपके उंच. प्रत्येक ठिपक्याला निळा, हिरवा, लाल असे तीन बाइट. म्हणजे एका आडव्या ओळीला 1,920 बाइट आणि 480 ओळींना 9,21,600 बाइट. चित्राच्या आधी दोन हेडर येतात: पहिलं 14 बाइटांचं आणि दुसरं 40 बाइटांचं. दोन्ही मिळून 54. फाइलची एकूण लांबी 9,21,654 बाइट. हा आकडा लक्षात ठेवा, कारण तो हेडरमध्ये लिहिलेला आहे आणि आपल्याला तोच वाचून काढायचा आहे.

लिनक्सवर `xxd` नावाची एक छोटी आज्ञा मिळते. फाइलमधले बाइट ती जसेच्या तसे दाखवते. आपल्या फाइलचे पहिले 32 बाइट असे दिसतात:

```
42 4D 36 10 0E 00 00 00 00 00 36 00 00 00 28 00
00 00 80 02 00 00 E0 01 00 00 01 00 18 00 00 00
```

हे आकडे षोडशमान पद्धतीतले, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत चालणारे आहेत. नऊनंतर `A` म्हणजे दहा, `B` म्हणजे अकरा, असं करत `F` म्हणजे पंधरा. म्हणून `36` म्हणजे तीन सोळे आणि सहा, एकूण 54. प्रत्येक बाइट बरोबर दोन चिन्हांत बसतो, म्हणून प्रोग्रॅमर ही पद्धत वापरतात.

आता हेडरचा नकाशा. पहिले दोन बाइट `42 4D` ही `B` आणि `M` ही अक्षरं, म्हणजे फाइलची ओळख. पुढचे चार बाइट फाइलची लांबी. त्यानंतर दोन-दोन बाइटांच्या दोन राखीव जागा, त्या इथे शून्य आहेत. शेवटचे चार बाइट सांगतात की चित्राचे ठिपके फाइलच्या कितव्या बाइटापासून सुरू होतात. दोन, चार, दोन, दोन, चार: बेरीज चौदा.

लांबीचे चार बाइट आहेत `36 10 0E 00`. दशमानात 54, 16, 14 आणि 0. डावीकडून वाचायची सवय असलेला माणूस पहिला बाइट सर्वांत वजनदार धरेल. बीएमपीचा नियम उलटा आहे. इथे पहिला बाइट एककाचा, दुसरा 256 च्या पटीचा, तिसरा 65,536 च्या पटीचा. म्हणून 54 अधिक 16 गुणिले 256, म्हणजे 4,096, अधिक 14 गुणिले 65,536, म्हणजे 9,17,504. बेरीज 9,21,654. आकडा जुळला. शेवटच्या चार बाइटांत `36 00 00 00`, म्हणजे 54. चित्र चोपन्नाव्या बाइटापासून सुरू होतं (मोजणी शून्यापासून), तेही बरोबर.

लहान वजनाचा बाइट आधी ठेवण्याच्या या रीतीला लिटल-एंडियन म्हणतात आणि मोठा आधी ठेवण्याच्या रीतीला बिग-एंडियन. आपण तारीख 15-08-1947 अशी लिहितो, तर कॉम्प्युटरवर फाइलींची नावं नीट क्रमाने लागावीत म्हणून काही जण 1947-08-15 असं लिहितात. दिवस तोच असतो, लिहिण्याचा क्रम तेवढा वेगळा, आणि वाचणाऱ्याला तो आधी माहीत असावा लागतो. दोन्ही नावं जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधून आली आहेत. उकडलेलं अंडं कुठल्या टोकाकडून फोडायचं यावरून त्यात लोक भांडतात. डॅनी कोहेन यांनी 1980 साली लिहिलेल्या एका टिपणात ती नावं बाइटांच्या क्रमाला दिली. आज आपल्या टेबलावरच्या आणि खिशातल्या जवळजवळ सगळ्या यंत्रांचे प्रोसेसर मेमरीत संख्या लिटल-एंडियन क्रमानेच ठेवतात. आयबीएमच्या मोठ्या मेनफ्रेमसारखी काही यंत्रं मात्र आजही बिग-एंडियन आहेत.

आता ती सोपी रीत. सी भाषेत वेगवेगळ्या मापांच्या संख्या एकत्र बांधून त्यांना एक नाव देता येतं. त्याला स्ट्रक्चर म्हणतात, कोडमध्ये `struct`. हेडरचा नकाशा डोळ्यांसमोर असताना कुणीही असं लिहील:

```c
struct bmp_header {
    uint16_t type;
    uint32_t size;
    uint16_t res1;
    uint16_t res2;
    uint32_t offset;
};

struct bmp_header h;
fread(&h, sizeof h, 1, f);
```

`uint16_t` म्हणजे दोन बाइटांची आणि `uint32_t` म्हणजे चार बाइटांची चिन्हविरहित संख्या. `fread` फाइलमधले बाइट उचलून थेट `h` च्या जागेत ओतते. नकाशा कागदावर जसा आहे तसाच कोडमध्ये उतरलेला दिसतो. वाचणाऱ्याला वाटतं, आणखी काय हवं?

हवं ते असं की `sizeof h` किती येतं ते छापून बघावं. बेरीज चौदा आहे, पण नेहमीच्या लॅपटॉपवर उत्तर येतं सोळा.

जास्तीचे दोन बाइट कंपायलरने घातले आहेत. मेमरीतल्या प्रत्येक बाइटाला क्रमांक असतो, त्याला पत्ता म्हणू. चार बाइटांची संख्या चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर असली की प्रोसेसरला ती एका खेपेत बिनधास्त उचलता येते. काही प्रोसेसर आडनिड्या पत्त्यावरची संख्या उचलायला नकारच देतात आणि प्रोग्रॅम तिथल्या तिथे बंद पडतो. म्हणून कंपायलर काळजी घेतो. `type` ने शून्य आणि एक हे पत्ते घेतले. `size` ची पाळी दोन क्रमांकावर येते, पण दोनला चारने भाग जात नाही. मग कंपायलर दोन आणि तीन हे पत्ते रिकामे सोडतो आणि `size` चार क्रमांकावर बसवतो. या रिकाम्या जागेला पॅडिंग म्हणतात. सी भाषेच्या प्रमाणकात तिला पूर्ण मुभा आहे: घटकांचा क्रम बदलायचा नाही आणि पहिल्या घटकाच्या आधी जागा सोडायची नाही, एवढंच बंधन. मध्ये आणि शेवटी किती सोडायची हे त्या त्या यंत्रावरच्या कंपायलरचं ठरतं.

आता `fread` कडे परत जाऊ. तिला पॅडिंगची कल्पनाही नाही. तिला सोळा बाइट मागितले, तिने फाइलमधले पहिले सोळा बाइट सरळ ओतले. `type` ला `42 4D` मिळाले. ओळख पटली, `BM` आहे का ही तपासणी पास झाली. पुढचे `36 10` पॅडिंगच्या रिकाम्या जागेत पडले आणि तिथेच हरवले. `size` ला `0E 00 00 00` मिळाले.

`0E` म्हणजे 14.

हा योगायोग या उदाहरणातला सर्वांत घातक भाग आहे, असं मला वाटतं. लांबी 9,21,654 यायला हवी होती आणि आली 14. पण 14 हा आकडा अनोळखी नाही, हेडरचीच लांबी चौदा आहे. स्क्रीनवर `size = 14` दिसलं की मनात येतं, अच्छा, म्हणजे ही फाइलची नाही, हेडरची लांबी असावी, आपणच माहितीपत्रक नीट वाचलं नसेल. चुकलेला आकडा आपणहून स्वतःचं स्पष्टीकरण घेऊन येतो. खरं तर तो लांबीच्या संख्येतला तिसरा बाइट आहे. 640 बाय 480 च्या अशा प्रत्येक चित्रात तो चौदाच असणार. म्हणजे याच मापाची चार चित्रं तपासून बघितली तरी दर वेळी चौदाच येतील आणि गैरसमज आणखी पक्का होईल.

पुढे `res1` मध्ये शून्य येतो. `res2` मध्ये शून्य असायला हवा, तिथे 54 येतात. ही खरी धोक्याची खूण, पण राखीव जागेकडे कोण बघतं? आणि `offset` ला मिळतात `00 00 28 00`, म्हणजे 26,21,440. चित्र साडेनऊ लाख बाइटांच्याही आत संपणाऱ्या फाइलमध्ये सव्वीस लाखांच्या पुढे सुरू होतं, असं हा प्रोग्रॅम मानतो.

मग तरी तो कोसळेल? नाही. `fseek` ला फाइलच्या शेवटापलीकडच्या जागी जायला सांगितलं तर ती मुकाट्याने जाते. तिथून `fread` केलं तर ती शून्य बाइट वाचले असं सांगते, पण ते उत्तर तपासलं नसेल तर कुणाला कळणार? प्रोग्रॅम रिकाम्या मेमरीतले बाइट चित्र म्हणून दाखवतो. पडद्यावर काळा चौकोन येतो, किंवा आधीच्या कामाचा उरलेला कचरा.

दुसऱ्या हेडरमध्ये गंमत अशी की त्याचे अकरा घटक आपापल्या मापाच्या पटीतच पडतात, त्यामुळे त्याच्या `struct` मध्ये पॅडिंग येतच नाही. `sizeof` बरोबर 40 येतं. पण पहिल्या वाचनाने चौदाऐवजी सोळा बाइट खाल्लेले असल्यामुळे हे वाचन दोन बाइट पुढून सुरू होतं. त्याच्या पहिल्या घटकात 40 यायला हवे, येतात 4,19,43,040. बऱ्याच प्रोग्रॅमांत नेमकी इथे तपासणी असते. ‘दुसरं हेडर चुकीचं आहे’ असा संदेश येतो आणि प्रोग्रॅमर ज्या हेडरमध्ये काही दोष नाही ते तासन्‌तास तपासत बसतो. म्हणून माझा आग्रह असतो की असं काही दिसलं तर आधी `sizeof` छापावं आणि प्रत्येक घटक कितव्या बाइटावर बसला आहे ते `offsetof` ने बघावं. `offsetof(struct bmp_header, size)` चं उत्तर 2 ऐवजी 4 आलं की शोध संपला.

आता प्रश्न असा की बीएमपी ठरवणाऱ्यांनी असं अडचणीचं हेडर केलंच का? ते 16 बिटांच्या काळातलं आहे. त्या प्रोसेसरांवर दोनच्या पटीतला पत्ता पुरेसा होता, त्यामुळे चौदा बाइटांच्या या नकाशात कुठेच फट पडत नव्हती. विंडोजच्या आपल्या शीर्षक फाइलींमध्ये या एका स्ट्रक्चरभोवती आजही ‘दोनच्या पटीत बसव’ अशी खास सूचना गुंडाळलेली आहे. तीच रचना हाताने टाइप करून लिनक्सवर नेली की सूचना मागे राहते आणि पॅडिंग हजर होतं. एका यंत्रावर वर्षानुवर्षं चालणारा कोड दुसरीकडे का बिघडतो, याचं कोडं इथे सुटतं.

अशी सूचना आपणही देऊ शकतो. `#pragma pack(1)` लिहिलं, किंवा जीसीसीमध्ये `__attribute__((packed))`, की कंपायलर फटी सोडत नाही आणि `sizeof` चौदा येतं. पुष्कळ जण इथे थांबतात. थांबू नये, याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे अशा स्ट्रक्चरमधल्या `size` चा पत्ता घेऊन तो दुसऱ्या फंक्शनला दिला की त्या फंक्शनला पत्ता आडनिडा आहे हे माहीत नसतं, आणि काही प्रोसेसरांवर तो नकार मिळतो ज्यासाठी पॅडिंग जन्माला आलं. जीसीसीच्या अलीकडच्या आवृत्त्या याबद्दल इशारा देतात. दुसरं कारण मोठं आहे: या सूचनेने जागा सुधारते, क्रम नाही.

क्रमाचा दोष दाखवायला हाच कोड, पॅडिंग काढून, बिग-एंडियन यंत्रावर चालवू. आता `size` ला बरोबर चार बाइट मिळतात, `36 10 0E 00`. पण हा प्रोसेसर पहिला बाइट सर्वांत वजनदार मानतो. तो वाचतो 90,70,21,824. नव्वद कोटी बाइटांची फाइल! `offset` मधले 54 होतात 90,59,69,664. मोटोरोलाच्या 68000 घराण्यावरच्या लिनक्समध्ये तर जीसीसी चार बाइटांची संख्या दोनच्या पटीत बसवायला तयार असतो. तिथे कुठल्याही सूचनेविना स्ट्रक्चर चौदा बाइटांचंच होतं, पॅडिंगचा दोष उद्भवतच नाही, पण प्रोसेसर बिग-एंडियन असल्यामुळे सगळे आकडे तरीही चुकतात. दोन्ही दोष एकमेकांपासून किती वेगळे आहेत हे यावरून कळावं.

‘माझ्याकडे अशी यंत्रं नाहीत, मला काय त्याचं’ असं म्हणणाऱ्यासाठी पीएनजी चित्र उघडून बघणं पुरेसं आहे. पीएनजीमध्ये सगळ्या संख्या बिग-एंडियन असतात. तिथे 640 ही रुंदी `00 00 02 80` अशी लिहिलेली असते. ते चार बाइट साध्या लॅपटॉपवर थेट संख्येत ओतले तर मिळतात 2,14,76,14,720, आणि चिन्हासह वाचले तर चक्क उणे संख्या. इंटरनेटवरून धावणाऱ्या पाकिटांच्या हेडरमध्येही मोठा बाइट आधी असतो. टिफ प्रकारच्या फाइली दोन्ही क्रमांत मिळतात. त्यांच्या पहिल्या दोन बाइटांत `II` असेल तर लिटल, `MM` असेल तर बिग, असं फाइल स्वतः सांगते. म्हणजे लॅपटॉप एकच असला तरी दोन्ही क्रम रोज समोर येतातच.

यावर पुष्कळ पुस्तकी उपाय असा असतो: आधी आपलं यंत्र कुठल्या क्रमाचं आहे ते शोधा, मग गरज असेल तर बाइट उलटे करा. मला हा उपाय मुळातच पटत नाही. यंत्र कुठलं आहे हा प्रश्न विचारायची गरजच नाही. फाइलचा क्रम फाइलच्या माहितीपत्रकात लिहिलेला आहे आणि तेवढाच आपल्याला लागतो. बाइट एकेक करून घ्यायचे आणि प्रत्येकाला त्याचं वजन द्यायचं, जसं वर आपण हाताने बेरीज करताना केलं:

```c
static uint32_t le32(const unsigned char *p)
{
    return (uint32_t)p[0]
         | (uint32_t)p[1] << 8
         | (uint32_t)p[2] << 16
         | (uint32_t)p[3] << 24;
}
```

`<< 8` म्हणजे 256 ने गुणणं, `<< 16` म्हणजे 65,536 ने. उभी रेघ तुकडे एकत्र जोडते. यात कुठेही मेमरीतल्या क्रमाचा उल्लेख नाही, फक्त अंकगणित आहे, आणि अंकगणित सगळ्या यंत्रांवर सारखंच असतं. पीएनजीसाठी हीच चार वजनं उलट्या क्रमाने द्यायची, की `be32` तयार. कुणाला वाटेल की चार वेळा उचलून जोडण्यात वेळ जातो. आजचे जीसीसी आणि क्लँग ही मांडणी ओळखतात, आणि गती वाढवण्याचा पर्याय चालू असेल तर लॅपटॉपवर तिचं रूपांतर एकाच उचलण्याच्या सूचनेत करतात.

हेडर वाचायचा कोड मग असा होतो:

```c
unsigned char b[14];
if (fread(b, 1, sizeof b, f) != sizeof b)
    return -1;
if (b[0] != 'B' || b[1] != 'M')
    return -1;
h.size   = le32(b + 2);
h.offset = le32(b + 10);
```

`b` ही नुसत्या बाइटांची रांग आहे. तिच्यात फट पडू शकत नाही, कारण एका बाइटाला कुठलाही पत्ता चालतो. 2 आणि 10 हे आकडे फाइलच्या नकाशातून आले आहेत, कंपायलरच्या मर्जीतून नाहीत. `struct bmp_header` काढून टाकायची गरज नाही. ती प्रोग्रॅमच्या आतल्या वापरासाठी ठेवावी, कंपायलरला तिच्यात हवी तेवढी जागा सोडू द्यावी. फक्त फाइलशी तिचा थेट संबंध येऊ देऊ नये. दोन मांडण्या आहेत, एक फाइलची, दुसरी मेमरीची, आणि त्यांच्यामध्ये हे चार-पाच ओळींचं रूपांतर हवंच.

या छोट्या कोडमध्ये दोन शब्द असे आहेत की घाईत गळून पडतात. पहिला `unsigned`. नुसतं `char` लिहिलं तर लॅपटॉपवरचा जीसीसी त्याला चिन्हासह धरतो, म्हणजे 127 च्या वरचे बाइट उणे होतात. आपल्या चित्राची उंची `E0 01 00 00` आहे. `E0` म्हणजे 224, पण चिन्हासह धरला तर उणे 32. तो रुंद करून 32 बिटांचा केला की वरचे सगळे बिट एक होतात, त्यात `01` चा तुकडा मिसळून जातो आणि उत्तर येतं उणे 32. आता गंमत पुढेच आहे. बीएमपीमध्ये उणे उंचीला अर्थ आहे! साधारणपणे चित्राच्या ओळी खालून वर लिहिलेल्या असतात, उंची उणे असेल तर वरून खाली. म्हणजे प्रोग्रॅमला हा आकडा वैध वाटतो आणि तो मान डोलावून 32 ओळींचं उलटं चित्र काढतो. लिनक्स चालवणाऱ्या एआरएम यंत्रावर साधा `char` मुळातच चिन्हविरहित असतो, त्यामुळे तिथे हा दोष दिसतही नाही. एकाच कोडची दोन घरी दोन वागणं का, हे शोधताना हा शब्द आधी बघावा.

दुसरा शब्द म्हणजे सरकवण्याच्या आधी लिहिलेलं `(uint32_t)`. ते नसेल तर सी भाषा बाइटाला आपोआप चिन्हासहित `int` बनवते. चौथा बाइट 128 किंवा त्याहून मोठा असला आणि तो 24 घरं सरकवला की संख्या `int` मध्ये मावत नाही, आणि असं झाल्यावर काय घडेल याची भाषा कसलीही हमी देत नाही. बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं. याच ‘बहुतेक वेळा’मुळे ही चूक कोडमध्ये वर्षानुवर्षं टिकून राहते.

आकडे बरोबर वाचले म्हणजे ते खरे असतील असं नाही. फाइल अर्धवट उतरलेली असू शकते, किंवा कुणी मुद्दाम खोटं हेडर घालून पाठवलेली असू शकते. `offset` निदान 54 असावा आणि फाइलच्या खऱ्या लांबीपेक्षा लहान असावा, एवढी तपासणी आपल्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये असती तर 26,21,440 तिथेच अडकले असते. रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराची तपासणी तर टाळूच नये. हेडरमध्ये दोन्ही 65,536 लिहिल्या तर त्यांचा गुणाकार 32 बिटांत मावत नाही आणि शून्य होऊन बसतो. प्रोग्रॅम शून्य बाइटांची जागा मागतो आणि तिच्यात चित्र भरायला लागतो. शेजारच्या मेमरीवर हवं ते लिहून घेण्याची ही जुनी वाट आहे. गुणाकार 64 बिटांत करावा आणि आपल्याला झेपेल अशी मर्यादा आधीच ठरवावी. उणे उंची धन करतानाही एक अपवाद आहे: 32 बिटांतल्या सर्वांत लहान उणे संख्येला तेवढीच धन जोडीदार नसते. ती आधीच नाकारावी.

फाइल उघडतानाच्या `"rb"` मधलं `b` हीसुद्धा अशीच गळणारी गोष्ट. विंडोजवर ते नसेल तर फाइल मजकुराची समजली जाते. मग `0D 0A` ही बाइटांची जोडी दिसली की त्यातला `0D` गायब होतो, आणि `1A` आला की फाइल संपली असं मानलं जातं. पीएनजीच्या पहिल्या आठ बाइटांत हे तिन्ही बाइट मुद्दाम ठेवलेले आहेत, असं कुणी केलं तर ते पहिल्याच वाचनात उघडं पडावं म्हणून. बीएमपीकडे असा पहारेकरी नाही.

बिग-एंडियन यंत्र घरी नसताना आपला कोड तिथे चालेल हे कसं तपासायचं? क्यूईएमयू नावाचं मोफत सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रोसेसरचं सोंग घेतं. डेबियन किंवा उबुंटूवर त्यासाठीचा कंपायलरही मिळतो:

```
s390x-linux-gnu-gcc -static -o bmp bmp.c
qemu-s390x ./bmp chitra.bmp
```

`s390x` म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमचा प्रोसेसर, पूर्ण बिग-एंडियन. पहिला, `fread(&h, ...)` वाला कोड इथे `BM` च्या तपासणीतच अडकेल, कारण दोन बाइटांची ती संख्याही उलटी वाचली जाते. दुसरा कोड 9,21,654 आणि 54 हेच आकडे छापेल.

या पद्धतीची मर्यादाही सांगतो. ती पूर्णांकांसाठी आहे. दशांश चिन्हाच्या संख्या हेडरमध्ये असतील तर त्यांचे बिट आधी असेच `le32` ने गोळा करून मग `memcpy` ने त्या प्रकारात उतरवावे लागतात, आणि दोन्हीकडे संख्या लिहिण्याचं प्रमाणक एकच आहे याची खात्री लागते. शंभर घटकांचं हेडर असेल तर ओळी वाढतात, कंटाळा येतो, 10 च्या जागी 12 टाइप होतो. त्यासाठी ज्याची लांबी, रुंदी, उंची आपल्याला आधीच ठाऊक आहे अशी एखादी छोटी फाइल जवळ ठेवावी आणि कोड बदलला की दर वेळी तिच्यावर चालवावा. तिच्यातल्या प्रत्येक मापाचे बाइट एकमेकांपासून वेगळे असू द्यावेत. 2 बाय 2 चं चित्र तपासणीला निरुपयोगी आहे, कारण रुंदी आणि उंची यांची अदलाबदल झाली तरी त्यात कळत नाही.

तुमच्याकडे फाइल वाचणारा सीमधला जुना कोड असेल तर आज त्यात `fread(&` शोधा. पुढे एखाद्या `struct` चं नाव दिसलं तर त्याचं `sizeof` छापा, फाइलच्या माहितीपत्रकातल्या बेरजेशी ताडून बघा, आणि जुळलं तरीही ती ओळ बदलून बाइटांची रांग वाचा.